घाम सुटलेला असताना काढलेलं रक्त

प्रश्न (खानापूर तालुका): बायकोचं वय ४१, शुगरचा आजार नाही. वर्षभरापासून पहाटे किंवा जेवायला उशीर झाला की तिला दरदरून घाम सुटतो, हात थरथरतात. दोनदा तर तिनं मलाच ओळखलं नाही. गूळ-पाणी दिलं की दहा-पंधरा मिनिटांत सावरते. बेळगावला सकाळी उपाशीपोटी तपासलं: साखर ८८, इन्सुलिन ११, सी-पेप्टाइड २.४. सगळं नॉर्मल आहे, टेन्शन घेऊ नका म्हणाले. आता काय करायचं?

उत्तर: त्या सकाळी तुमच्या पत्नीला काहीच होत नव्हतं, म्हणून रिपोर्टही चांगले आले. साखर ८८ असताना इन्सुलिन ११ आणि सी-पेप्टाइड २.४ असणं कुणाच्याही बाबतीत ठीकच. त्यावरून आजार आहे असंही म्हणता येत नाही आणि नाही असंही म्हणता येत नाही. त्यामुळे 'सगळं नॉर्मल' हा निष्कर्ष या कागदावरून काढता येत नाही.

साखर उतरायला लागली की निरोगी शरीर काय करतं ते आधी सांगतो, म्हणजे पुढचं सोपं जाईल. रक्तातली साखर ८० च्या आसपास आली की स्वादुपिंड इन्सुलिन सोडणं आवरतं घेतं. (साखरेचे सगळे आकडे दर डेसिलिटरला मिलिग्रॅममध्ये, नेहमीच्या रिपोर्टवर असतात तेच.) ७० च्या खाली ग्लुकागॉन आणि अ‍ॅड्रेनलिन वाढतं आणि यकृत आपल्याजवळची साखर रक्तात सोडतं. ५५ च्या सुमारास माणसाला जाणवू लागतं: घाम, थरथर, धडधड, भूक. हे सगळं अ‍ॅड्रेनलिनमुळे. आणखी खाली गेली की मेंदूला साखर पुरत नाही. मग बोलणं असंबद्ध होतं, समोरचं धूसर दिसतं, घरचं माणूस ओळखू येत नाही, कधी फिट येते. पत्नीनं तुम्हाला न ओळखणं ही या पत्रातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे. नुसत्या घाम-थरथरीला पन्नास कारणं असतात. उपाशी असताना भान हरपणं आणि गुळानं ते परत येणं याला फार थोडी कारणं असतात.

म्हणून पाहायचं ते हे, की साखर ५५ च्या खाली गेलेली असताना इन्सुलिन बंद झालं होतं की चालूच होतं. त्यासाठी साखर, इन्सुलिन आणि इन्सुलिनच्या जोडीनं स्वादुपिंडातून सुटणारं सी-पेप्टाइड ही तिन्ही एकाच वेळच्या रक्तातून आणि त्रास चालू असतानाच मोजावी लागतात. त्याआधी मात्र तीन गोष्टी जुळल्या पाहिजेत: त्रास, त्या क्षणी प्रयोगशाळेत मोजलेली कमी साखर, आणि साखर वाढवल्यावर त्रास जाणं. अ‍ॅलन व्हिपल या अमेरिकन सर्जननं १९३० च्या दशकात ही त्रयी मांडली आणि आजही तपास तिथूनच सुरू होतो. तुमच्याकडे पहिली आणि तिसरी आहे, मधली राहिली आहे.

ती कशी मिळवायची? घरात एक ग्लुकोमीटर ठेवा. झटका आला की बोटातून साखर पाहा, आकडा आणि वेळ लिहा, आणि लगेच गूळ-पाणी द्या. रक्ताचा नमुना हवा म्हणून साखर न देता तिला गाडीत घालून बेळगावपर्यंत कधीही आणू नका. वाटेत फिट आली तर त्या नमुन्याचा काही उपयोग नाही. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही ओतू नका, ते श्वासनलिकेत जाईल. कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा.

गावाजवळच्या सरकारी दवाखान्याशी किंवा खानापूरच्या रुग्णालयाशी आधीच बोलून ठेवणं हा एक मार्ग आहे. तज्ज्ञांकडून चिठ्ठी घ्या: "या बाई त्रास होत असताना आल्या तर डेक्स्ट्रोज देण्याआधी इतक्या ट्यूब भरून घ्याव्यात." झटका दवाखान्यात असतानाच येईल याची खात्री मात्र कुणीच देऊ शकत नाही. बहुतेकांच्या बाबतीत तो मुद्दाम आणावा लागतो आणि ते फक्त रुग्णालयात दाखल करूनच करतात.

त्याला ७२ तासांचा निरीक्षणाखालचा उपवास म्हणतात. पाणी चालतं, बिनसाखरेचा कोरा चहा चालतो, बाकी काही नाही. साबुदाण्याची खिचडी आणि रताळी खाऊन केलेली एकादशी इथे उपवासात धरत नाहीत. पेशंटनं हिंडतं-फिरतं राहायचं असतं. शिरेत सुई असते, दर सहा तासांनी रक्त घेतात आणि साखर ६० च्या खाली आली की दर एक-दोन तासांनी. साखर ४५ किंवा त्याखाली आली आणि लक्षणंही दिसली की उपवास तिथेच संपतो. शेवटचा नमुना घ्यायचा, साखर द्यायची आणि मग जेवण. स्वादुपिंडात इन्सुलिन सोडणारी गाठ असेल, तर बहुतेक पेशंटना पहिल्या ४८ तासांतच त्रास होतो, निम्म्याहून अधिक जणांना तर पहिल्याच दिवशी. पूर्ण ७२ तास काढून साखर टिकली आणि काही झालं नाही, तर गाठ असण्याची शक्यता फारच कमी उरते.

घरी हा प्रयोग करू नका. आणि पुढच्या भेटीत डॉक्टरांना आधी हे सांगा: "दोनदा तिनं मला ओळखलं नाही." घाम आणि थरथर नंतर सांगा.

प्रश्न (अथणी तालुका, लॅब टेक्निशियन): आमच्या छोट्या हॉस्पिटलला असा पेशंट घामाघूम होऊन आला की सिस्टर आधी डेक्स्ट्रोज देतात, मग मला बोलावतात. आणि सॅम्पल बाहेर पाठवलं की इन्सुलिनचा रिपोर्ट पेशंटच्या अवस्थेशी जुळत नाही. नेमकं कसं घ्यावं?

उत्तर: असा प्रश्न विचारणारा टेक्निशियन ज्या हॉस्पिटलात आहे, तिथलं निदान चुकण्याची शक्यता निम्म्यानं कमी होते असं मला वाटतं. तपासाचा खरा निकाल तुमच्या हातात पहिल्या दोन मिनिटांत ठरतो.

सिस्टरचं चुकलं असं म्हणणार नाही. पेशंट बेशुद्ध असेल, फिट येत असेल आणि शीर सापडत नसेल, तर साखर आधी, याबद्दल दुमत नाही. पण डेक्स्ट्रोज द्यायला सुई लावावीच लागते. त्याच सुईतून आधी आठ-दहा मिलिलिटर रक्त ओढून घ्यायचं आणि मग त्याच सुईतून डेक्स्ट्रोज सोडायचं. यात अर्धा मिनिटही जास्त लागत नाही. त्यासाठी ट्यूब आणि सिरिंज एका पिशवीत घालून कॅज्युअल्टीच्या ट्रॉलीवर टांगून ठेवा, पिशवीवर मोठ्या अक्षरात लिहा: "साखर देण्याआधी." तुम्हाला बोलावण्याची वाट पाहायची गरजच उरणार नाही.

डेक्स्ट्रोज एकदा गेलं की त्या नमुन्याला या कामासाठी अर्थ राहत नाही. साखर वर जाते आणि तिच्यामागून निरोगी स्वादुपिंडही इन्सुलिन सोडतं. ड्रिप चालू असलेल्या हातातून घेतलेलं रक्त तर अजिबात चालत नाही.

पिशवीत राखाडी झाकणाची फ्लोराइडची ट्यूब साखरेसाठी, आणि इन्सुलिन, सी-पेप्टाइडसाठी साधी किंवा जेलची ट्यूब. सी-पेप्टाइडसाठी ईडीटीए चालते का, ते ज्या लॅबला पाठवता त्यांना आधी विचारा, कारण त्यात ते जास्त वेळ टिकतं. साध्या ट्यूबमध्ये तासन्‌तास ठेवलेल्या रक्तातली साखर रक्तपेशीच खाऊन टाकतात. मग चांगल्या माणसाचीही साखर ४५ दिसते आणि नसलेला आजार शोधत सगळे फिरतात. फ्लोराइडमुळे हे खाणं थांबतं, पण ते लगेच थांबत नाही, पहिल्या तासा-दोन तासांत थोडी घट होतेच. म्हणून ती ट्यूबही लवकर फिरवून प्लाझ्मा वेगळा करा.

तुमचे रिपोर्ट न जुळण्याचं कारण बहुधा हिमोलिसिस असेल. बारीक सुईतून जोरात ओढलं, ट्यूब जोरजोरात हलवली किंवा थेट बर्फावर ठेवली की तांबड्या पेशी फुटतात. त्यांच्यातलं एक एन्झाइम इन्सुलिनचे तुकडे करतं. मग खरं इन्सुलिन १५ असताना रिपोर्ट ४ चा येऊ शकतो आणि गाठ असलेला पेशंट 'नॉर्मल' म्हणून घरी जातो. सी-पेप्टाइडवर या एन्झाइमचा तसा परिणाम होत नाही. सीरम लालसर दिसत असेल तर रिपोर्टवर तसं लिहा.

सीरम अर्ध्या तासात वेगळं करा, दोन छोट्या नळ्यांत भरा आणि गोठवा. अथणीहून मिरजेला किंवा बेळगावला पाठवायचं तर गोठवलेलं सीरम पाठवा, सबंध रक्त नको. दुसरी नळी तुमच्याच फ्रीझरमध्ये राहू द्या. त्या नळीचा उपयोग पुढच्या उत्तरात येतो. लाइट जाण्याचा त्रास आपल्याकडे आहेच, तेव्हा फ्रीझरमध्ये आइस-पॅक कायम भरून ठेवा.

लेबलवर नावासोबत रक्त काढल्याची वेळ, त्या क्षणीचा ग्लुकोमीटरचा आकडा आणि लक्षणं लिहा. केसांच्या वाढीसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू आहेत का हेही विचारा. काही यंत्रांवर बायोटिनमुळे इन्सुलिन आणि सी-पेप्टाइड खोटं कमी दिसतं. आणि रक्त काढून झाल्यावर डेक्स्ट्रोज दिलं, की पंधरा मिनिटांनी पेशंट सावरला का, त्याचीही नोंद करा. डॉक्टरांना व्हिपलची तिसरी गोष्ट त्या एका ओळीतून मिळते.

प्रश्न (निपाणी): आई ६६ वर्षांची. तिला शुगर नाही, फक्त बीपी. वडिलांना शुगर आहे. दोन महिन्यांत आईला चारदा घाम, थरथर, बडबड असं झालं. शेवटच्या वेळी हॉस्पिटलात साखर देण्याआधी रक्त घेतलं: साखर ४१, इन्सुलिन १६, सी-पेप्टाइड ३.८. इन्सुलिनसमोर 'नॉर्मल' छापलंय. डॉक्टर म्हणतात स्वादुपिंडात गाठ असू शकते, सीटी करा. करावा का?

उत्तर: आधी त्या छापील 'नॉर्मल' बद्दल. इन्सुलिनची रिपोर्टवरची कक्षा उपाशी पण निरोगी, साखर ८०-९० असलेल्या माणसांवरून ठरवलेली असते. साखर ४१ असताना ती कक्षा लागूच होत नाही. साखर ५५ च्या खाली असताना इन्सुलिन ३ मायक्रोयुनिट किंवा त्याहून जास्त आणि सी-पेप्टाइड ०.६ नॅनोग्रॅम किंवा त्याहून जास्त असेल तर ते जास्तच, मग कागदावर काहीही छापलेलं असो. (दोन्ही दर मिलिलिटरला. काही लॅब पिकोमोलमध्ये देतात, तेव्हा आकडे वेगळे दिसतात. आधी एकक पाहा.) आईचं इन्सुलिन १६ म्हणजे साखर तळाला गेलेली असतानाही स्वादुपिंड इन्सुलिन सोडतच होतं.

स्वादुपिंडच सोडत होतं हे सी-पेप्टाइडवरून कळतं. शरीर आधी प्रोइन्सुलिन नावाचा एक अखंड रेणू बनवतं. तो तुटला की एक इन्सुलिन आणि एक सी-पेप्टाइड सुटं होतं, दर वेळी जोडीनं. आपल्या भाताच्या मुलखात सांगायचं तर साळ घरी भरडली की तांदळाबरोबर तूस निघतंच, आणि दुकानातून तयार तांदूळ आणला तर घरात तूस सापडत नाही. इंजेक्शनचं इन्सुलिन हा दुकानातला तांदूळ, त्यात सी-पेप्टाइड नसतं. आईच्या रक्तात दोन्ही आहेत, म्हणजे इन्सुलिन घरचंच. सी-पेप्टाइड मूत्रपिंडातून बाहेर जातं, म्हणून क्रिएटिनिन वाढलेलं असेल तर ते थोडं जास्त दिसतं. तो आकडा एकदा पाहून घ्या.

इथवर तुमच्या डॉक्टरांचं म्हणणं बरोबर आहे. गाठ असेल तर रिपोर्ट असाच येतो. पण शुगरच्या काही गोळ्या घेतल्या तरी रिपोर्ट हुबेहूब असाच येतो. ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिपिझाइड या सल्फोनिलयुरिया जातीच्या गोळ्या आणि त्यांचं भावंड रेपाग्लिनाइड, या सगळ्या स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतात. साखर, इन्सुलिन, सी-पेप्टाइड, तिन्ही आकडे कितीही निरखले तरी गाठ आणि गोळी यांतला फरक त्यांतून कळत नाही. आणि तुमच्या घरात शुगरच्या गोळ्या आहेत.

माझ्याकडे आलेल्या एका आजींची गोष्ट सांगतो, कारण ती तुमच्या आईशी फार जुळते. झटका आला तेव्हा साखर ३९, इन्सुलिन १९, सी-पेप्टाइड ४.४, आणि रक्तातलं कीटोन ०.३. उपाशी माणसाची साखर कमी झाली की चरबी जळून कीटोन वाढायला हवं. ते २.७ मिलिमोलच्या खाली असणं म्हणजे इन्सुलिननं ते दाबून ठेवलं आहे. सगळं गाठीकडे बोट दाखवत होतं. पण झटक्यांची वेळ पटेना. गाठीचे झटके बहुधा पहाटे किंवा जेवण चुकल्यावर येतात. आजींना नाश्ता व्यवस्थित करून अकरा-बारा वाजता यायचे. मधले पंधरा दिवस काहीच नाही, मग आठवड्यात तीनदा.

मुलाला म्हटलं, घरातल्या सगळ्या गोळ्या डब्यासकट घेऊन या. एकाच पत्र्याच्या डब्यात आजोबांच्या आणि आजींच्या पट्ट्या होत्या, कात्रीनं कापलेल्या, त्यामुळे अर्ध्यांवर नावच नव्हतं. आजींची बीपीची गोळी आणि आजोबांची ग्लिमेपिराइड, दोन्ही लहान. मग मोजदाद केली. आजोबांच्या गोळ्या महिना संपायच्या आत संपत होत्या, आजींच्या उरत होत्या, आणि आजींचं बीपी दोन महिन्यांपासून वाढलेलं होतं. या तीन गोष्टी एकत्र ठेवल्या की उलगडा झाला. झटक्याच्या वेळचं सीरम लॅबनं गोठवून ठेवलं होतं, ते मोठ्या शहरातल्या लॅबला औषधाच्या तपासणीसाठी पाठवलं. ग्लिमेपिराइड सापडलं. आजींचा सीटी करावा लागला नाही.

तेव्हा सीटीच्या आधी तुम्ही हेच करा. डबा रिकामा करा आणि दोघांच्या गोळ्या वेगवेगळ्या रंगाच्या डब्यांत ठेवा. आईला कुणी ओळखीच्यानं दिलेली 'आयुर्वेदिक' पुडी चालू आहे का तेही विचारा. पुड्यांत न सांगता शुगरची गोळी मिसळलेली सापडण्याचे प्रकार होतात. हॉस्पिटलला विचारा, त्या दिवशीचं सीरम उरलं आहे का. असेल तर सल्फोनिलयुरियाची तपासणी करून घ्या आणि त्या तपासणीत ग्लिमेपिराइड आणि रेपाग्लिनाइड धरलं आहे का हे आधी विचारून घ्या, कारण जुन्या चाचण्यांत नवी औषधं नसतात. नमुना झटक्याच्या वेळचाच हवा. आज रक्त दिलं आणि आठवडाभर गोळी पोटात गेलीच नसेल, तर काही सापडणार नाही.

औषध सापडलं नाही आणि झटके चालूच राहिले, तरच गाठीचा शोध. मीही तेव्हा सीटी लिहून देईन. ही गाठ बहुधा दोन सेंटीमीटरपेक्षा लहान असते, नेहमीच्या सीटीत चुकू शकते. कधी एंडोस्कोपीच्या सोनोग्राफीनं किंवा खास पेट स्कॅननं शोधावी लागते. दहातल्या सुमारे नऊ गाठी कर्करोगाच्या नसतात आणि ऑपरेशननं आजार कायमचा जातो. मात्र रक्तावरून सिद्ध होण्याआधी स्कॅन केला तर उतारवयात स्वादुपिंडावर कुठेतरी एखादा निरुपद्रवी डाग दिसतो, आणि मग त्या डागाचंच ऑपरेशन होण्याची भीती असते.

एक तातडीचं. गोळीचा संशय असेल तर पुढच्या झटक्यात ग्लुकोज देऊन आईला लगेच घरी आणू नका. ही औषधं, विशेषतः मूत्रपिंड थोडं कमजोर असेल तर, एक-दोन दिवस पुन्हा पुन्हा साखर पाडतात. निदान २४ तास दवाखान्यात राहायला हवं.

प्रश्न (चिकोडी तालुका): बहीण २३ वर्षांची, नर्सिंगला आहे. तीनदा बेशुद्ध पडली. साखर ३४, इन्सुलिन ११८, सी-पेप्टाइड ०.१ पेक्षा कमी. लॅबची चूक असेल का? आजोबा इन्सुलिन घेतात.

उत्तर: लॅबची चूक म्हणून हा रिपोर्ट बाजूला ठेवू नका. इन्सुलिन भरपूर आणि सी-पेप्टाइड जवळजवळ शून्य, याचा अर्थ हे इन्सुलिन तिच्या स्वादुपिंडातलं नाही, बाहेरून आलेलं आहे.

कसं आलं, हे रिपोर्ट सांगत नाही, आणि तुम्हीही आज ठरवू नका. चुकून दुसऱ्याची सिरिंज वापरली गेली असेल, कुणी दिलं असेल किंवा तिनं स्वतः घेतलं असेल. स्वतः घेणारी मुलं-मुली खोटारडी नसतात. बहुतेकांच्या मनात कुणालाही न सांगितलेलं काहीतरी असतं. तिची खोली झडती घेतल्यासारखी उपसू नका, चारचौघांत विचारू नका, कॉलेजात कळवू नका. घरातलं सगळं इन्सुलिन मात्र आजच कुलपात ठेवा आणि आजोबांना डोस तुम्ही स्वतः द्या. मग एकट्यानं तिच्याजवळ बसून सरळ विचारा, "जीव द्यावासा वाटतो का?" असं विचारल्यानं तो विचार मनात येत नाही, उलट बोलायला वाट मिळते. उत्तर 'हो' असेल किंवा ती गप्प राहिली, तर तिला एकटं सोडू नका, त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या. टेलि-मानसच्या १४४१६ या सरकारी नंबरवर कधीही फोन करता येतो.

तुमच्यासारख्याच इतर घरांसाठी दोन गोष्टी. हल्लीच्या पेनमधली बदललेली इन्सुलिनं काही लॅब-किटना ओळखूच येत नाहीत. तेव्हा साखर कमी, सी-पेप्टाइड कमी, कीटोनही कमी आणि इन्सुलिनही 'कमी' असा रिपोर्ट आला, तर लॅबला विचारायचं की त्यांच्या यंत्राला लिस्प्रो, अस्पार्ट, ग्लार्जिन ही दिसतात का. दुसरी, इन्सुलिन शेकड्यात किंवा हजारात आणि सी-पेप्टाइडही वाढलेलं असं दिसलं, तर इन्सुलिनविरुद्धच्या अँटिबॉडी तपासायच्या. हातापायांच्या मुंग्यांसाठी दिल्या जाणाऱ्या 'नसांच्या' गोळ्यांत अल्फा लिपोइक अ‍ॅसिड असतं, थायरॉइड जास्त असल्यास मेथिमेझोल किंवा कार्बिमेझोल देतात. काही माणसांत या औषधांनी तशा अँटिबॉडी तयार होतात. औषध थांबवलं की त्या बहुधा काही महिन्यांत ओसरतात. थायरॉइडची गोळी मात्र स्वतःहून बंद करू नका, डॉक्टर ती बदलून देतील.

प्रश्न (बेळगाव शहर): जेवल्यावर दोन-तीन तासांनी थरथर होते, ग्लुकोमीटरवर ६४ आलं. नेटवर वाचून पाच तासांची ग्लुकोज टेस्ट करायची म्हणतोय. वय ३२, कधी भान गेलेलं नाही.

उत्तर: ती टेस्ट करू नका. ७५ ग्रॅम ग्लुकोज एकदम प्यायल्यावर काही तासांनी कित्येक निरोगी माणसांची साखरही ६० च्या खाली जाते, आणि नसलेला आजार कागदावर येतो. ग्लुकोमीटरच्या ६४ वरही फार विसंबू नका. या यंत्रांच्या मानकात १०० च्या खालच्या आकड्यांना १५ इकडे-तिकडे चालतं, म्हणजे खरी साखर ४९ असेल किंवा ७९ सुद्धा असेल.

थरथर सुरू झाली की जवळच्या लॅबमध्ये जाऊन शिरेतून साखर मोजून घ्या. घराजवळ लॅब असेल आणि भान शाबूत असेल तर शहरात हे जमतं. फक्त गाडी स्वतः चालवू नका आणि खिशात साखर ठेवा. त्रास चालू असताना शिरेतली साखर ७० च्या वर निघाली, तर ती थरथर साखरेची नाही. मग थायरॉइड, हिमोग्लोबिन, चहा-कॉफीचं प्रमाण आणि छातीतली धडधड याकडे पाहायला हवं, आणि इन्सुलिन-सी-पेप्टाइडवर पैसे घालायचं कारण उरत नाही. ५५ च्या खाली निघाली, तर त्याच ट्यूबसोबत इन्सुलिन आणि सी-पेप्टाइडही पाठवायला सांगा आणि रिपोर्ट घेऊन या. वजन कमी करण्याचं किंवा जठराचं ऑपरेशन झालं असेल, तर तेही सांगा. अशांची तपासणी ग्लुकोजच्या पाण्यानं करत नाहीत. नेहमी ज्या जेवणानंतर त्रास होतो तसंच जेवण देऊन, पाच तास रक्त घेत करतात.